हेलपाट्याचा खर्च कोणत्या खात्यात?

जातीचा आणि उत्पन्नाचा एक दाखला द्यायला सरकारला किती खर्च येतो, असं बेळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही नाडकचेरीत विचारलं तर दोन उत्तरं संभवतात. कागद, शाई, प्रिंट मिळून पाचेक रुपये, हे पहिलं. कचेरीचा सगळा मासिक खर्च भागिले दिलेले दाखले, हे दुसरं. पहिल्या उत्तरात माणसांचा पगार नाही आणि दुसऱ्यात माणसांनी केलेलं सगळंच काम दाखल्याच्या माथी मारलं आहे. तरीही ‘सरकार इतका तोटा सोसतंय, फी वाढवा’ म्हणणारे दुसऱ्या उत्तरावर उभे असतात आणि ‘पाच रुपयांच्या कागदाला फी कशाला’ म्हणणारे पहिल्यावर. दोघांच्या हातातलं माप चुकीचं आहे. बरोबर माप लावलं तर सीमाभागातल्या कचेऱ्यांत खर्चाचा एक मोठा तुकडा भलत्याच जागी सापडतो. तो दाखला देण्यात जात नाही, परत फिरलेला अर्ज पुन्हा चालवण्यात जातो. त्यातला काही भाग मराठी नाव कन्नडमध्ये लिहिताना तयार होतो.

आधी भागाकाराची गंमत पाहू. पुढचे सगळे आकडे पद्धत समजावी म्हणून सोयीचे, भाग जाणारे घेतले आहेत. खऱ्या कचेरीत ते पगारपत्रकातून आणि मोजणीतून घ्यावे लागतील. समजा एका होबळीच्या, म्हणजे गावांच्या एका गटाच्या, नाडकचेरीत एक उपतहसीलदार, एक सर्कल, दहा तलाठी आणि खिडकीवर दोन कंत्राटी ऑपरेटर आहेत. (तलाठ्याचं सरकारी नाव आता ग्राम आडळिताधिकारी झालं आहे, पण गावात त्याला तलाठीच म्हणतात.) पगार, पेन्शनचा सरकारी हिस्सा, प्रवास, संगणक, वीज, जागा असं सगळं धरून महिन्याचा खर्च ८ लाख ८४ हजार रुपये येतो. नोव्हेंबरात दोनशेच दाखले गेले तर भागाकार सांगेल की एक दाखला ४,४२० रुपयांना पडला. जूनमध्ये शाळा-कॉलेजांच्या प्रवेशामुळे दीड हजार गेले तर तोच दाखला ५८९ रुपयांना. तोच अर्ज, तोच तलाठी, तीच सही. काम जराही बदललेलं नसताना किंमत सातपट हलते, म्हणजे हा भागाकार दाखल्याची किंमत सांगतच नाही. गर्दी किती होती, एवढंच तो सांगतो.

दोष कुठे आहे हे तलाठ्याचा महिना पाहिला की कळतं. पहाणीच्या नोंदी, वारसा, पीक सर्वे, निवडणुकीच्या याद्या, वेदगंगा-दूधगंगेला पाणी आलं की पंचनामे, हे सगळं त्याच पगारात बसतं. त्या पगारातला किती हिस्सा दाखल्यांकडे गेला हे कळल्याशिवाय दाखल्याचा खर्च कळणार नाही. ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग या पद्धतीचं सूत्र इतकंच आहे. खर्च वस्तूवर थेट टाकायचा नाही. आधी तो कामांवर टाकायचा आणि मग ज्या वस्तूने जेवढं काम ओढलं, तेवढाच तिच्या नावे लिहायचा. रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लान यांनी १९८०च्या दशकात ती कारखान्यांसाठी मांडली. पुढे २००४ मध्ये कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांनी तिचं वेळेवर चालणारं सोपं रूप पुढे आणलं. कचेरीला हे दुसरं रूप जास्त सोयीचं, कारण त्याला दोनच गोष्टी लागतात: माणसाच्या एका मिनिटाची किंमत, आणि एका कामाला लागणारी मिनिटं.

मिनिटाची किंमत काढताना पहिली चूक होते ती हजेरीची वेळ धरण्यात. सुट्ट्या, दुसरा-चौथा शनिवार आणि रजा वजा जाता महिन्याला वीसेक दिवस उरतात. दहा ते साडेपाच म्हणजे ४५० मिनिटं, त्यातून जेवणाची ४५ गेली की ४०५. पण या ४०५ मिनिटांत कोणीही सलग काम करत नाही. सर्व्हर बंद पडतो, वरून फोन येतो, मीटिंगला बोलावणं येतं. म्हणून त्याचे ऐंशी टक्के धरतात, दिवसाला साधारण ३२५. महिन्याला ६,५०० मिनिटं ही माणसाची खरी उपलब्ध वेळ. ऑपरेटरवर महिन्याला २६,००० खर्च होत असतील तर त्याचं मिनिट चार रुपयांचं. तलाठ्यावर प्रवासासकट ६५,००० धरले तर त्याचं मिनिट दहाचं. त्याच रीतीने सर्कलचं बारा आणि उपतहसीलदारांचं सोळा धरू.

आता एक सरळ अर्ज या हातांतून जाऊ द्या. खिडकीवर कागद पाहणं, माहिती भरणं, स्कॅन करणं यात बारा मिनिटं गेली, म्हणजे ४८ रुपये. तलाठ्याने रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा ताडून पाहिला, गावात विचारपूस केली आणि अहवाल लिहिला: पंधरा मिनिटं, १५० रुपये. त्याच्या जाण्यायेण्याचा वाटा आणखी १५० रुपये, त्याबद्दल पुढे बोलू. सर्कलची चार मिनिटं ४८ रुपयांची. उपतहसीलदारांची नजर आणि डिजिटल सही दोन मिनिटांची, ३२ रुपये. छापून हातात देण्याची तीन मिनिटं १२ रुपयांची, कागद-शाई पाच रुपयांची. बेरीज ४४५. नोव्हेंबर असो की जून, सरळ अर्जाचं काम इतक्याच किमतीचं. नोव्हेंबरात जी माणसं रिकामी राहिली त्यांचा खर्च वेगळ्या ओळीत ‘न वापरलेली वेळ’ म्हणून दिसला पाहिजे. तो दाखला मागणाऱ्याच्या डोक्यावर नाही.

या ४४५ मध्ये सर्वांत लवचीक आकडा प्रवासाचा आहे. तलाठी गावात एकदा जाऊन येतो त्याला नव्वद मिनिटं लागतात, मग तो एका अर्जासाठी जावो की सहा अर्जांसाठी. सहा असतील तर प्रत्येकी पंधरा मिनिटं, एक असेल तर सगळी नव्वद. म्हणून तलाठ्याचा वेळ असा मांडायचा:

तलाठ्याची मिनिटं = १५ + (फेरीची मिनिटं ÷ त्या फेरीत पाहिलेले अर्ज)

बेळगाव शहराला लागून असलेल्या गावांत नव्वद मिनिटं पुरतात. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या अंगाला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथल्या जंगलातल्या वाड्यांना जायचं तर पावसाळ्यात एक फेरी सहज तीन तासांची होते आणि गाव लहान असल्याने अर्जही एकदोनच असतात. तीन तासांत दोन अर्ज म्हणजे अर्जामागे नव्वद मिनिटं, नुसत्या प्रवासाचे नऊशे रुपये. सरासरीत हे बुडून जातं. मग तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या साहेबांना खानापूरचा तलाठी ‘मागे’ वाटतो आणि शहराजवळचा ‘कार्यक्षम’. दोघांच्या कामात फरक नाही, सूत्रातल्या भाजकात आहे. गावागावाला आठवड्यातला एक दिवस ठरवून दिला आणि त्या दिवसापर्यंतचे अर्ज एकत्र पाहिले तर हा खर्च उतरतो. मात्र सकाला या सेवा हमी कायद्याची मुदत संपत आलेला अर्ज हाती आला की तलाठी ठरलेल्या दिवसाची वाट पाहत नाही, एकट्या अर्जासाठी निघतो. घाई स्वतःचा खर्च घेऊन येते.

आणि आता मूळ मुद्दा, परत फिरलेला अर्ज. तो खिडकीतून तलाठी, सर्कल असा पुढे जातो आणि शेवटच्या टेबलावर ‘नाव जुळत नाही’ किंवा ‘पुरावा अपुरा’ म्हणून फेटाळला जातो. छपाई आणि कागद सोडून सगळे पैसे, म्हणजे ४२८ रुपये, तोवर खर्च झालेले असतात. अर्जदार येतो, खिडकीवरचा माणूस त्याला कारण समजावतो, सहा मिनिटं, २४ रुपये. मग नवा अर्ज: पुन्हा बारा मिनिटांची नोंद, पुन्हा तलाठ्याची पंधरा मिनिटं. या वेळी तलाठ्याच्या फेरीत सोबतीला अर्ज कमी असतात. दोनच आहेत असं धरलं तर प्रवासाचा वाटा पंधरावरून पंचेचाळीस मिनिटांवर जातो, ४५० रुपये. सर्कल, उपतहसीलदार, छपाई, कागद पुन्हा. दुसऱ्या खेपेचे ७४५. सगळी बेरीज १,१९७ रुपये. सरळ अर्जापेक्षा ७५२ जास्त, आणि शेवटी हातात पडतो तोच एक कागद.

महिन्याला सहाशे अर्ज आणि त्यातले नव्वद परत फिरलेले, असं धरू. पाचशे दहा सरळ अर्जांचे २ लाख २६ हजार ९५०, नव्वद फिरलेल्यांचे १ लाख ७ हजार ७३०. एकूण ३ लाख ३४ हजार ६८०. यातले ६७,६८० रुपये निव्वळ पुन्हा केलेल्या कामाचे, म्हणजे पाचातला एक रुपया. कचेरीच्या कुठल्याही खर्चपत्रकात या नावाचं खातं नाही. पगार, प्रवासभत्ता, वीज, कागद अशी खाती आहेत आणि हा रुपया त्या सगळ्यांत विरघळलेला आहे. या पद्धतीचा खरा उपयोग इथे आहे. फी किती ठेवावी हे सांगण्यापेक्षा विरघळलेला खर्च नाव लावून बाहेर काढणं तिला जास्त चांगलं जमतं.

अर्ज का फिरतात? कागद अपुरे असणं हे सगळीकडचं कारण. सीमाभागात त्यात दोन खास कारणं मिसळतात.

पहिलं कारण लिपीचं. मराठी शाळेतल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, आधारवर नाव इंग्रजीत आणि कचेरीची नोंद कन्नडमध्ये. आता ‘प्रकाश’ घ्या. मराठीत शेवटचा श आपण पाय न मोडता लिहितो आणि पाय मोडल्यासारखा उच्चारतो. कन्नडमध्ये पाय न मोडलेला श पूर्ण ‘अ’सकट वाचला जातो, म्हणून कोणी तो मोडतो, कोणी मोडत नाही. वाचणाऱ्याला दोन्ही एकच माणूस, संगणकाला दोन. ‘गणेश’चं आणखी वेगळं. कन्नडमध्ये ए ऱ्हस्वही आहे आणि दीर्घही, ओ सुद्धा तसाच. मराठीत तो भेद लिहिलाच जात नाही. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या कळफलकावर दोन्हींमध्ये फक्त एका शिफ्टचा फरक आहे. गर्दीत ती कळ राहिली की ‘गणेश’, ‘महेश’, ‘मोहन’ यांची नावं कागदावर जवळजवळ तीच दिसतात आणि जुळवणीत गळतात. त्यात आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, हेही आहेच. चूक कधी कधी कचेरीत कळतच नाही. दाखला मिळतो, मुलगा शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर त्याचा आरडी क्रमांक टाकतो आणि तिथे नाव जुळत नाही. मग तोच मुलगा दुरुस्तीसाठी पुन्हा खिडकीवर.

दुसरं कारण सोयरिकीचं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची लग्नं चंदगड, गडहिंग्लज, कागलशी होतात, राज्याची सीमा मध्ये असली तरी. जात माहेरकडून सिद्ध करायची असते. सुनेचे कागद माहेरच्या नावाने, महाराष्ट्रातले, मराठीतले. आधार सासरच्या नावाने. इथल्या तलाठ्याला चंदगडच्या घरी जाऊन चौकशी करता येत नाही, पत्रव्यवहार करावा लागतो. असा अर्ज वर धरलेल्या १,१९७ मध्येही बसणार नाही. त्याचा वेगळा प्रकार मानून वेगळी मिनिटं मोजावी लागतील. आणि त्यावर खिडकीवर काही उपायही नाही, हे आधीच मान्य करायला हवं.

पहिल्या कारणाची मात्र आणखी एक किंमत आहे. आधीच पडताळणी झालेल्या कुटुंबांची माहिती संगणकात असेल तर दाखला खिडकीवरच, चौकशीविना देण्याची सोय कर्नाटकाच्या नाडकचेऱ्यांत केलेली आहे. अशा दाखल्याला आठ मिनिटं आणि कागद मिळून ३७ रुपये पुरावेत. पण नाव शोधून सापडलं तर. शोधताना ए ऱ्हस्व दिला आणि साठवताना दीर्घ होता, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं आणि ३७ रुपयांचा दाखला ४४५च्या वाटेला लागतो. याची नोंद ‘परत फिरलेला’ म्हणूनही होत नाही, कारण तो परत फिरलाच नाही, लांबून गेला. ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगमध्ये नुसत्या चुका मोजून भागत नाही. जो अर्ज जवळच्या वाटेने जाऊ शकला असता पण गेला नाही, त्याचाही फरक लिहावा लागतो.

हे सगळं आजवर दिसत का नाही? कारण कचेरीची कामगिरी सकालाच्या तक्त्यावर मोजली जाते. कर्नाटकाचा हा सेवा हमी कायदा २०११चा, अंमल २०१२ पासून. मुदत चुकली तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाई त्यात आहे. कायदा चांगला आहे, त्याने टेबलावर अर्ज सडणं कमी झालं. पण कारण देऊन फेटाळलेला अर्ज हाही निकाली निघालेला अर्जच. तो मुदतीत फेटाळला, नव्या क्रमांकाचा दुसरा अर्ज मुदतीत मंजूर केला, की तक्त्यात दोन्ही वेळेत. कचेरीने ७५२ रुपये जास्त घालवले, माणसाचा हेलपाटा झाला, आणि कागदोपत्री कामगिरी दुप्पट झाली. मुदतीच्या आधी फेटाळून मोकळं होण्याचा मोह यातूनच येतो, त्यात कोणाची दुष्टबुद्धी असावी लागत नाही.

मग करायचं काय? एक छोटा उपाय घेऊन त्याचा हिशेब मांडतो. अर्ज नोंदवल्यावर खिडकीवरच, पुढे पाठवण्याआधी, कन्नडमध्ये टाइप झालेलं नाव, वडिलांचं नाव आणि जात अर्जदाराला वाचून दाखवायची आणि त्याच्या मराठी कागदाशी ताडून बघायची. सोबत अर्जाच्या नमुन्याची मराठी प्रत आणि नेहमीच्या शंभर-दोनशे मराठी नावांचा कन्नडमधला ठरलेला लेखनतक्ता. दाखला कन्नडमध्येच निघेल, त्याला हात लावायचा नाही. यासाठी अर्जामागे तीन मिनिटं जास्त धरा. चार रुपये मिनिटाने बारा रुपये, सहाशे अर्जांचे ७,२००. एक फिरलेला अर्ज वाचला की ७५२ वाचतात. म्हणजे महिन्याला नव्वदातले दहा जरी फिरायचे थांबले तरी खर्च भरून निघतो. निम्मे थांबले तर ३३,८४० रुपयांचं काम वाचतं. चार रुपयांची मिनिटं खर्चून दहा, बारा आणि सोळा रुपयांची मिनिटं वाचवायची, हा त्यातला खरा व्यवहार.

सीमाभागात मराठी अर्जाची मागणी निघाली की ती अस्मितेच्या रकान्यात टाकली जाते. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या तरतुदी, किती टक्के लोकवस्तीला किती हक्क, यावर १९५६ पासून भांडण चालू आहे आणि ते चालू राहील. पण इथे मांडलेला मुद्दा त्या भांडणात कोणतीही बाजू घेतलेल्या माणसाला मान्य करता येतो. कन्नडच्या आग्रही अधिकाऱ्यालाही कन्नडमधलं नाव अचूक लिहिलेलंच हवं असणार, आणि ते अचूक लिहायला मूळ मराठी नाव वाचावंच लागतं. मराठी चळवळीनेही निवेदनं देताना ‘आमच्या भाषेचा मान’ याच्या जोडीला फिरलेल्या अर्जांचा आकडा मागितला असता तर उत्तर टाळणं प्रशासनाला जड गेलं असतं. भावनेला आश्वासन देऊन वाटेला लावता येतं. आकडा मागितला तर तो द्यावा लागतो, किंवा आपण तो ठेवलाच नाही हे कबूल करावं लागतं.

या हिशेबाविरुद्ध एक पक्का आक्षेप आहे आणि तो टाळू नये. ३३,८४० रुपये वाचले म्हणजे तिजोरीत आले असं नाही. तलाठ्याचा पगार तोच राहतो. वाचतात ती त्याची मिनिटं, पंचेचाळीस अर्जांमागे साठ-साठ धरली तर महिन्याला २,७००. ही मिनिटं पहाणीच्या किंवा वारसाच्या तुंबलेल्या कामाकडे गेली तरच बचत खरी. तसं काही झालं नाही तर ती ‘न वापरलेली वेळ’ या ओळीत जाऊन बसतील आणि खर्च जागचा हलणार नाही. उलट खिडकीवरची जादा तीन मिनिटं मात्र खरी असतात. साधारण महिन्यात ती मावतात: दोन ऑपरेटरांकडे १३,००० मिनिटं आहेत, काम १०,६२० मिनिटांचं, वरची १,८०० धरूनही भागतं. जूनमध्ये दीड हजार अर्ज आले तर नुसत्या सरळ कामालाच २२,५०० मिनिटं लागतात. तिथे जादा तीन मिनिटं मागणं म्हणजे रांग आणखी लांबवणं. अशा गर्दीच्या महिन्यांपुरती आणखी माणसं खिडकीवर द्यावीच लागतील. सर्वांत स्वस्त माणसाची टंचाई सर्वांत महाग माणसांचा वेळ खाते, हे दिसत असूनही काटकसर बहुधा खिडकीवरच सुचते.

मोजणी करताना घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. संगणकातून अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर कधी गेला हे मिळतं, पण दोन नोंदींमधले पाच दिवस हे काम नव्हे, थांबणं आहे. ते खर्चात धरलं तर आकडा हास्यास्पद होतो. माणसांना ‘दिवसातला किती टक्के वेळ दाखल्यांत जातो’ असं विचारलं तर सगळ्यांची बेरीज शंभर येते आणि रिकामा वेळ कोणाकडेच सापडत नाही. म्हणून टक्के न विचारता एका कामाची मिनिटं विचारायची. शंभरेक अर्जांना एक चिठ्ठी लावायची, ज्याने हात लावला त्याने सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहायची. एक आठवडा जूनमधला, एक नोव्हेंबरमधला. मग पडताळा असा: मिनिटं गुणिले अर्ज यांची बेरीज माणशी ६,५०० च्या वर जात असेल तर कोणीतरी वेळ फुगवून सांगितली आहे, कारण तेवढी मिनिटं अस्तित्वातच नाहीत. आणि फिरलेले अर्ज मोजायला फेटाळलेल्यांची यादी पुरत नाही. एकाच रेशनकार्डावर, त्याच माणसासाठी, त्याच दाखल्याचा दुसरा अर्ज साठ दिवसांत आला का, हे शोधायचं. त्यातले नाव-जुळणीचे किती, कागद-अपुरेचे किती, परराज्यातल्या पुराव्याचे किती, एवढे तीन कप्पे केले तरी पुष्कळ. पंधरावीस कप्पे केले की ती चिठ्ठी भरणंच एक काम होऊन बसतं आणि तिसऱ्या दिवशी सगळे अंदाजाने आकडे टाकू लागतात.

फीचं म्हणाल तर, हा हिशेब फी वाढवणाऱ्यांच्या फारसा कामाचा नाही. आज घेतली जाणारी फी शंभराच्या आत आहे, सहाशे अर्जांची सरासरी ५५८ येते, म्हणून वाढवा, असं कोणी म्हणेल. पण त्या ५५८ मधले ११३ रुपये फिरलेल्या अर्जांचे आहेत. कागद नीट आणणाऱ्याने ते का भरावेत? शिवाय दाखला माणसाला हौस म्हणून लागत नाही. शिष्यवृत्ती देणारं खातं मागतं, वसतिगृह मागतं, प्रवेशप्रक्रिया मागते. मागणाऱ्या खात्याच्या नावावर हा खर्च दाखवला, तर त्या खात्याला दर वेळी ताजा दाखला मागण्याआधी विचार करावा लागेल.

एक खर्च मात्र या सगळ्या कोष्टकाच्या बाहेर राहतो, कारण तो कचेरीचा नाही. रोजगार हमीची कर्नाटकातली मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला ३४९ रुपये होती. एका हेलपाट्यात एक दिवस गेला तर नव्वद अर्जांमागे ३१,४१० रुपये लोकांच्या घरून जातात. कचेरीच्या स्वतःच्या जादा खर्चात हे मिसळू नयेत, शेजारी वेगळा रकाना करून लिहावेत. तिकिटाचं लिहिताना जरा जपून: जून २०२३ पासून शक्ती योजनेत सरकारी बसला बायकांना तिकीट नाही. त्यामुळे कणकुंबीहून खानापूरला दुसऱ्यांदा आलेल्या बाईच्या रकान्यात प्रवासाला शून्य येईल आणि तेच पैसे परिवहन महामंडळाच्या भरपाईत, तिसऱ्याच खात्याच्या हिशेबात, उमटतील.